आंबा घाटाआधीच्या चार्जरवर विसंबू नका

पुणे ते रत्नागिरी, इलेक्ट्रिक गाडीने, ऐन पावसात. कोल्हापूरपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. पुढे रत्नागिरी रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या आवारातल्या डीसी चार्जरने मात्र फसवलं. अॅपवर तो हिरवा, 'उपलब्ध'. त्याचा अर्थ एवढाच की चार्जर नेटवर्कशी जोडलेला आहे आणि त्यावर दुसरी गाडी नाही. तो चालतो, असा मुळीच नाही.

गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, गाडीला लावली, अॅपवरून चार्जिंग सुरू केलं, स्क्रीनवर 'गाडीशी संपर्क होत नाही'. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, फॉल्ट तुमच्या गाडीत आहे." सकाळी साताऱ्याजवळ याच गाडीने व्यवस्थित चार्ज घेतला होता! हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. चार्जिंग कुठल्या पायरीवर थांबतं ते बघा, दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

सीसीएस२ प्रकारच्या डीसी गनमध्ये खालच्या दोन जाड पिनांतून वीज जाते, पण गाडी आणि चार्जरचं बोलणं वरच्या भागातल्या बारीक पिनेतून होतं. केबल जड असते. ती मागून लोंबली की गनचा वरचा भाग सॉकेटमधून किंचित सुटतो आणि नेमकं ते बोलणंच तुटतं. लॉकचा 'खट' आवाज येण्याआधीच एरर आली, तर आधी हाच संशय घ्या. गन मागून दोन्ही हातांनी उचलून आत दाबा आणि लॉक लागेपर्यंत तशीच धरा. माझं चार्जिंग असंच पुढे सरकलं.

पण लगेच दुसरी एरर आली, इन्सुलेशनची. लॉक लागल्यावर, बॅटरीकडे वीज सोडण्याआधी, चार्जर केबलमध्ये व्होल्टेज चढवून अर्थकडे गळती आहे का ते तपासतो. ही गन होल्डरमध्ये न ठेवता पावसात उघडी टाकलेली होती, पिनांत पाणी दिसत होतं. इथे पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका, आत फडकं किंवा बोट तर अजिबात घालू नका. दुसरी गन असेल तर ती घ्या, नाहीतर निघा.

निघायला गेलो तर गन सुटेना. गाडीतली लॉकची खिट्टी केबलच्या ताणाने अडकते. ओढाओढी केली तर खिट्टी मोडेल. अॅपवर सेशन बंद करा, थोडं थांबा, चावीने गाडी अनलॉक करा, गन आधी आत ढकला आणि मग उचलून काढा. हाताने लॉक सोडवायची दोरी बऱ्याच गाड्यांत असते. ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये घरीच बघून निघा.

एक युनिटही मिळालं नाही, तरी प्रत्येक प्रयत्नाला वॉलेटमधले पैसे अडकत गेले. ही सरळ लूट आहे. एररचा फोटो आणि सेशन क्रमांक तिथेच टिपून तक्रार टाका आणि वॉलेटमध्ये लागतील तेवढेच पैसे भरा.

घाट उतरून रत्नागिरीला जायचं असेल तर कोल्हापुरातच बॅटरी भरा, रांग असली तरी.