शृंगिकेचे टोक

परवा माझ्या भाच्याने एक छायाचित्र पाठवले आणि त्याखाली एकच शब्द लिहिला: 'पतंग'. रुंद पानाच्या खालच्या बाजूला एक तपकिरी कीटक उलटा लटकून, चारही पंख पानाला टेकवून बसला होता. रंग सुक्या पानाचा होता आणि फक्त मागच्या पंखांचा खालचा भाग चुना लावल्यासारखा पांढरा दिसत होता. 'हो, पतंगच' असे उत्तर मी तत्काळ पाठवून दिले. फुलपाखरू पाठीवर पंख मिटून उभे धरते आणि पतंग ते आडवे पसरून बसतो, हा शाळेत शिकलेला नियम इतका हाडीमाशी भिनलेला आहे की त्यापुढे पाहण्याची गरजच वाटली नाही.

संध्याकाळी निवांतपणे तेच छायाचित्र मोठे करून पाहिले. डोक्यापासून दोन शृंगिका पुढे निघाल्या होत्या. त्या एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर उगवलेल्या होत्या, टोकाशी जाड झाल्या होत्या आणि त्या जाडीच्या पुढे पुन्हा बारीक होऊन बाहेरच्या बाजूला किंचित वळल्या होत्या, छत्रीच्या मुठीसारख्या. असे आकडेदार टोक आणि रुंद डोके ही स्किपर फुलपाखरांची खूण आहे. या कुळातल्या 'फ्लॅट' गटाची फुलपाखरे पंख सपाट पसरूनच बसतात आणि त्यांतली 'स्नो फ्लॅट' म्हणून ओळखली जाणारी फुलपाखरे बसायला बहुधा पानाची खालची बाजू निवडतात. भाच्याला दुरुस्ती कळवताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले, कारण त्याने निदान छायाचित्र तरी काढले होते. मी तर ते नीट पाहिलेही नव्हते.

पंखांची ठेवण ही त्या कीटकाची त्या क्षणाची कृती असते, तर शृंगिका हा त्याच्या शरीराचा घडलेला अवयव असतो. कॅमेरा सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरता उघडतो आणि तेवढ्या वेळात कीटक जसा असेल तसा कायमचा पकडला जातो. सकाळी अंग थंड असताना फुलपाखरे ऊन घेण्यासाठी पंख उघडून बसतात. उष्णता पुरेशी मिळाली की तेच फुलपाखरू पंख मिटते. म्हणून उघड्या पंखांचे छायाचित्र दिसले की ते किती वाजता काढले, हे मी आता आधी पाहतो. उलट बाजूने, भूमितिक पतंगांच्या कुळातील काही पातळ अंगाचे पतंग फुलपाखरासारखे पंख पाठीवर उभे मिटून बसतात आणि त्यांच्या बाबतीत शाळेतला नियम उलटाच पडतो.

तरीही बसण्याच्या ढबीला मी अगदीच निकाली काढणार नाही. मात्र ती 'उघडे की मिटलेले' एवढ्या ढोबळपणे न वाचता पुढचा पंख मागच्या पंखाशी कसा बसला आहे, हे पाहून वाचावी. बहुतेक पतंगांत मागच्या पंखाच्या मुळाशी एक ताठ केस असतो आणि तो पुढच्या पंखाच्या खालच्या आकड्यात अडकून दोन्ही पंखांना जोडून ठेवतो. हा केस छायाचित्रात दिसत नाही. पण विसावलेल्या पतंगाचे पुढचे पंख बहुधा मागच्या पंखांवर पूर्ण ओढलेले असतात, त्यामुळे वरून पाहिले तर त्रिकोण आणि बाजूने पाहिले तर घराचे उतरते छप्पर दिसते. पंख मिटून झोपलेल्या फुलपाखरात नेमके उलटे घडते. त्याचे पुढचे पंख मागच्या पंखांच्या मध्ये खाली सरकतात आणि बाहेरून मागच्या पंखाचा मोठा भाग व पुढच्या पंखाचे फक्त टोक दिसते. स्किपरांच्या आणखी एका गटाची तर तिसरीच तऱ्हा असते: मागचे पंख जवळजवळ आडवे आणि पुढचे अर्धवट उभे, अशा दोन पातळ्यांवर ते पंख धरतात. ही ढब एकदा ओळखीची झाली की शृंगिका न पाहताही स्किपर सांगता येतो.

शृंगिकांचा नियम त्या मानाने सोपा आहे. फुलपाखराच्या शृंगिका काडीसारख्या बारीक असून टोकाशी गाठ किंवा गदा असते. पतंगाच्या शृंगिका दोऱ्यासारख्या निमुळत्या असतात, किंवा त्यांना कंगव्यासारखे दाते असतात. काही नरांत त्या पिसासारख्या भरगच्च असतात, कारण मादीचा गंध दुरून टिपण्यासाठी त्यांना मोठा पृष्ठभाग लागतो. पण अपवाद इथेही आहेत. काळ्या-लाल रंगाचे, दिवसा फुलांवर फिरणारे बर्नेट पतंग शृंगिका टोकाकडे जाड करत नेतात. तिथे मात्र अंगावर छपरासारखे ओढलेले पंख आपल्याला सावरून घेतात. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील हेडिलिडी कुळाची कथा याच्या उलट आहे. दोरीसारख्या शृंगिका असलेले हे निशाचर जीव पतंगांतच मोजले जात, आणि १९८६ साली शरीररचनेच्या अभ्यासावरून त्यांना फुलपाखरांत आणावे असे मांडले गेले. पण असा जीव आपल्या छायाचित्रात येण्याची शक्यता इतकी कमी की त्याच्या भीतीने नियम सोडू नये.

खरी अडचण कॅमेऱ्याची असते. इतक्या जवळून छायाचित्र काढताना स्पष्ट दिसणारा पट्टा काही मिलिमीटरच जाडीचा असतो आणि पंख त्यात सापडला तरी पुढे आलेली शृंगिका बाहेर राहते. मग बारीक दोरा धुरकट होऊन जाड भासतो, किंवा तिच्या टोकामागचा उजेडाचा ठिपका हुबेहूब गाठीसारखा दिसतो. माझी तपासणी साधी आहे. दोन्ही शृंगिका पाहायच्या. एकीला गाठ आणि दुसरीला नाही, असे दिसले तर ती गाठ कॅमेऱ्याने निर्माण केलेली समजायची. शृंगिकेच्याच अंतरावर असलेला पाय किंवा पानाची शीर स्पष्ट आहे का, तेही पाहायचे. शिवाय डोके कोणत्या बाजूला आहे याची खात्री करून घ्यावी, कारण काही लहान निळ्या फुलपाखरांच्या मागच्या पंखांना केसासारख्या शेपट्या आणि त्यांच्या मुळाशी डोळ्यासारखा ठिपका असतो. शेपटीलाच शृंगिका समजून मी एकदा बराच वेळ गाठ शोधली होती. पाय कुठून निघाले आहेत, ते पाहिल्यावर चूक उमगली.

शृंगिका मुळीच दिसत नसतील तर तेही थोडे बोलके असते. विसावलेले पुष्कळ पतंग त्या पंखांखाली किंवा अंगालगत मागे दुमडून ठेवतात. फुलपाखरे बहुधा त्या पुढे धरतात. पण फक्त एवढ्यावर मी निर्णय देत नाही, कारण शृंगिका एखाद्या काडीआडही गेलेली असू शकते.

भाचा आता एका कीटकाची तीन छायाचित्रे पाठवतो: एक वरून, एक बाजूने आणि एक फक्त डोक्याचे. कालच्या संचात डोक्याच्या छायाचित्रात डोके सोडून मागचे गवत स्पष्ट आले होते, आणि उरलेल्या दोन छायाचित्रांत पिवळट पंख अर्धे उघडे होते. मी 'ठरत नाही' असे कळवले. 'मग पुन्हा जातो' असे त्याचे उत्तर आले.