बाजारभावात आपले मॉडेल मिसळताना : माझा अनुभव

फुटबॉल सामन्यांच्या निकालांचे माझे मॉडेल तयार होते, पैजांच्या बाजारातले जुने भावही विकत घेतलेले होते. तरीही दोन्ही एकत्र करण्याचे काम दीर्घकाळ अडून राहिले, आणि त्याचे कारण गणित नव्हते. विकत घेतलेल्या फाइलमध्ये भाव नेमका कोणत्या वेळी नोंदवला हे सांगणारा रकानाच नव्हता.

सामना सुरू होण्याच्या क्षणाचा बंद भाव सहसा सत्याच्या फार जवळ असतो, कारण तोवर संघनिवड, दुखापती आणि जाणकारांचा पैसा हे सारे त्यात उतरलेले असते. म्हणून आपले मॉडेल आणि बाजार यांपैकी एकाची निवड न करता दोघांना भार द्यावेत, हा मार्ग विल्यम बेंटर यांनी घोड्यांच्या शर्यतींसाठी वापरला आणि १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडला. मी तोच घेतला :

```
p = m^a * q^b
```

यात `m` ही मॉडेलची संभाव्यता, `q` ही बाजाराची, `a` आणि `b` हे भार. शेवटी तिन्ही निकालांच्या `p` ची बेरीज १ होईल असे भागून घ्यायचे.

एक उदाहरण घेतो. यजमान विजय, बरोबरी आणि पाहुण्यांचा विजय यांचे भाव २.१०, ३.४० आणि ३.६० आहेत, म्हणजे यजमानांवर एक रुपया लावला आणि ते जिंकले तर २.१० रुपये परत मिळतात. त्यांच्या व्यस्तांची बेरीज सुमारे १.०४८ येते, वरचे ४.८ टक्के म्हणजे पैजा घेणाऱ्या बुकमेकरचे मार्जिन. प्रत्येक व्यस्ताला या बेरजेने भागले की बाजाराचे मत ४५.४, २८.१ आणि २६.५ टक्के असे मिळते. माझे मॉडेल ५२, २६ आणि २२ म्हणते. मॉडेलला ०.२ आणि बाजाराला ०.८ भार दिल्यास यजमानांची संभाव्यता ४६.७ टक्क्यांवर येते. केवळ मॉडेलवर विश्वास ठेवला असता तर २.१० भावात ९ टक्के फायदा दिसला असता. मिश्रणानंतर तेथे जवळपास २ टक्के तोटा दिसतो. भार योग्य असतील, तर तो फायदा मुळात नव्हताच.

सगळा प्रश्न त्या ०.२ आणि ०.८ चा आहे. हे भार अंदाजाने ठरवायचे नसतात. जुन्या सामन्यांत प्रत्यक्ष घडलेल्या निकालांना मिश्रणाने जी संभाव्यता दिली, तिच्यावरून लॉग-लॉस, म्हणजे घडलेल्या निकालाला कमी संभाव्यता दिल्यास वाढणारे चुकीचे माप, काढून तो सर्वांत कमी करणारे भार शोधायचे असतात. येथेच वेळेचा रकाना नसणे भोवते. मला पैज सकाळी लावायची आहे, आणि फाइलमधला भाव जर सामन्याच्या तोंडावरचा असेल, तर मॉडेलला मिळणारा भार विनाकारण कमी होतो, कारण त्याची तुलना सकाळी कोणाकडेच नसलेल्या माहितीशी होते.

विक्रेत्या कंपनीला मी वारंवार विचारले. प्रत्येक वेळी ‘उपलब्ध असलेला शेवटचा भाव’ एवढेच उत्तर आले. शेवटचा म्हणजे कधीचा, हे पैसे घेऊन माहिती विकणाऱ्याने सांगू नये, याचा संताप अजून ओसरलेला नाही. अखेर मी पुरावा फाइलमध्येच शोधला. प्रमुख खेळाडू ऐनवेळी बाहेर गेल्याचे संघयादीतच प्रथम कळले, असे सामने वेगळे काढले, आणि त्यांतले भाव त्या बातमीने आधीच हललेले आढळले. म्हणजे ते यादीनंतरचे होते. काही ओळी तर त्याहून वाईट निघाल्या : आदल्या दिवशी बरोबरीचे मानले गेलेले दोन संघ, आणि एकाचा भाव ४० च्या पुढे. तो भाव गोल झाल्यानंतरचा, चालू सामन्यातला होता. अशा थोड्याशा ओळीही निकाल आधीच फोडतात आणि बाजाराचा भार फुगवतात. त्या काढून टाकल्यावर भार बदलला, आणि माझा संशय खरा ठरल्याचे समाधान मिळाले.

त्यानंतर मी सकाळचे भाव स्वतः वेळेसह नोंदवू लागलो आणि भार त्यांच्यावर नव्याने काढले. अपेक्षेप्रमाणे मॉडेलचा भार वाढला. बंद भाव मी आता मिश्रणात घालत नाही, तपासणीसाठी ठेवतो : सकाळी मिश्रण ज्या बाजूला बाजारापेक्षा जास्त संभाव्यता देते, त्या बाजूचा भाव संध्याकाळपर्यंत सरासरीने उतरतो का, हे पाहतो. निकालांवरून हेच समजायला फार जास्त सामने लागतात, कारण एकेका निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो.

आधी सांगायला हवी होती अशी एक गोष्ट आता आठवते. भार काढताना मॉडेलने जे सामने शिकताना पाहिले, ते वापरू नयेत. प्रत्येक सामन्याचे भाकीत केवळ त्याच्या आधीच्या माहितीवर केलेले असावे, अन्यथा पाठ झालेल्या उत्तरांमुळे मॉडेलला अवाजवी भार मिळतो. तसेच मार्जिन सर्व निकालांतून समप्रमाणात काढण्याची वरची रीत जवळच्या लढतींत चालते, पण भाव १० च्या पुढचा असेल तर ती कमकुवत संघाला बहुधा जास्त संभाव्यता देते. अशा सामन्यांचे भार मी स्वतंत्रपणे तपासतो.