मथळ्यातला ११ आकडा

"मथळ्यात तुम्हीही आकडा घालता, 'चूक', 'धोका' असले शब्द वापरता. मग तुमचा मथळा आणि क्लिकबेट यात फरक तो काय?"

फरक आकड्यात नाही आणि शब्दातही नाही. वाचकापासून आपण नेमकं काय झाकून ठेवलंय, त्यात तो आहे. हे मला एका साध्या लेखामुळे नीट कळलं, तोच सांगते.

नव्या सहकाऱ्याने लेख पाठवला होता. मथळा असा: "फोनची बॅटरी लवकर संपते? करा हे ११ जबरदस्त उपाय, ७वा वाचून थक्क व्हाल!"

आधी आकड्याबद्दल. आकडा डोळ्याला थांबवतो, हे खरंच आहे. पडद्यावर मजकूर चाळताना नजर अक्षरी संख्येपेक्षा अंकांवर जास्त अडकते, असं वेबच्या वापरसुलभतेवर काम करणाऱ्या जेकब नील्सन यांनी २००७ मध्ये नजरेच्या चाचण्यांवरून मांडलं होतं. देवनागरीत त्याला आणखी एक कारण असावं असं मला वाटतं. आपल्या अक्षरांवर शिरोरेघ असते, अंकांवर नसते. सलग रेघेत '११' आलं की रेघ तुटते आणि तिथे उजेड पडल्यासारखं होतं. शिवाय आकडा वाचकाला लेखाचं माप सांगतो: इतक्या गोष्टी आहेत, इतक्यात संपेल. माझ्या दृष्टीने आकड्याचं खरं मोल यात आहे, आणि म्हणूनच तो मोजून घातलेला असावा लागतो.

मी कागद घेऊन मोजायला बसले. 'ब्राइटनेस कमी करा' आणि 'ऑटो-ब्राइटनेस चालू करा' हा एकच मुद्दा दोन भागांत तोडला होता. शेवटचे तीन मुद्दे, म्हणजे फोन तापू देऊ नका, पूर्ण चार्ज झाल्यावरही रात्रभर लावून ठेवू नका आणि चांगला चार्जर वापरा, चुकीचे नव्हते. पण ते बॅटरीच्या आयुष्याबद्दलचे होते, तिची क्षमता वर्षा-दोन वर्षांत किती घटते याबद्दलचे. मथळ्यातल्या माणसाची अडचण वेगळी आहे, त्याचा फोन आज संध्याकाळीच मान टाकतो. ते तीन मुद्दे वेगळ्या लेखाचे होते, ११ भरावेत म्हणून इथे आले होते.

राहिला तो थक्क करणारा ७वा: 'वापरून झालेली सगळी ॲप्स उघड्या ॲप्सच्या यादीतून सारखी पुसून टाकत राहा.' हा सल्लाच उलटा आहे. मागे पडलेली बहुतेक ॲप्स फोन स्वतःच गोठवून ठेवतो. ती पुसली की पुढच्या वेळी सगळं पुन्हा मुळापासून सुरू करावं लागतं आणि त्यात बहुधा जास्तच बॅटरी जाते. म्हणजे ज्या मुद्द्याच्या जोरावर मथळा उभा होता, तोच खोटा निघाला. हे मी पुढेही अनेकदा पाहिलं आहे: यादीतल्या एखाद्या क्रमांकाचं नाव न सांगता गाजावाजा केलेला असेल, तर तोच मुद्दा आधी तपासावा.

उरले सहा: ब्राइटनेस, स्क्रीन लवकर बंद होणं, डार्क मोड (तोही ओएलईडी पडद्यावरच खऱ्या कामाचा, एलसीडीवर जवळपास काहीच बॅटरी वाचत नाही), लोकेशन, रेंज नसलेल्या जागी एअरप्लेन मोड आणि बॅटरी सेव्हर.

आता शब्द. माझी पद्धत अशी की मथळ्यातल्या प्रत्येक जोरकस शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि तो शब्द खरा करणारं वाक्य लेखात शोधायचं. 'जबरदस्त'साठी वाक्य सापडलं नाही, कारण ब्राइटनेस कमी करण्यात जबरदस्त काहीच नाही. 'थक्क व्हाल' तर लेखाबद्दल बोलतच नव्हतं, ते वाचकाला काय वाटेल हे परस्पर ठरवून टाकत होतं. 'चूक' हा शब्द मूळ मथळ्यात नव्हताच, पण लेखात त्याला जागा होती, कारण ॲप्स पुसत बसणं ही खरोखर चूक आहे. नकारी शब्द ओढतात, यात शंका नाही. अपवर्दी या संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ दरम्यान एकाच बातमीचे वेगवेगळे मथळे वाचकांपुढे ठेवून हजारो चाचण्या केल्या होत्या. त्यांवरच्या २०२३ च्या अभ्यासात दिसलं, की सरासरी लांबीच्या मथळ्यात एकेक नकारी शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढतं आणि सकारात्मक शब्दांनी ते घटतं. त्यामुळे 'धोका', 'चूक' यांचा मोह मला कळतो. फक्त हे ध्यानात ठेवायला हवं, की त्या अभ्यासात क्लिक मोजले होते. वाचून झाल्यावर माणसाला काय वाटलं, हे त्या आकड्यात नाही.

आम्ही शेवटी लिहिलं: "फोन दिवसभर पुरत नाही? ६ सेटिंग बदला, आणि ॲप्स पुसत बसण्याची चूक थांबवा".

सहकारी म्हणाला, "ताई, सगळ्यात चटकदार गोष्ट तर मथळ्यातच सांगून टाकलीत. आता आत कोण येणार?"

मी त्याला म्हटलं, हीच कसोटी धर. झाकलेली गोष्ट एका ओळीत सांगून टाक आणि बघ, लेखात वाचण्यासारखं काय उरतं. जुन्या मथळ्यातला ७वा मुद्दा सांगितला की लेखात पाहायचं काही राहत नाही. नव्यात चूक सांगूनही 'का?' उरतं, कोणती सहा सेटिंग आणि ती कुठे सापडतात, हेही उरतं.

कुतूहलाबद्दल वर्तन-अर्थशास्त्राचे अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये जे मांडलं, त्याचा गाभा असा: आपल्याला ठाऊक आहे ते आणि ठाऊक करून घ्यायचंय ते, यांत फट दिसली की माणूस ती भरायला धावतो. पण फट दिसायला एक काठ हाताशी लागतो. 'फोन पुरत नाही, ६ सेटिंग' यात तो काठ आहे: विषय उघडा, उत्तर झाकलेलं. "तिने असं काही केलं की सगळे बघतच राहिले" यात विषयच झाकलेला आहे. मराठीत 'असं', 'हे', 'ती' सहसा आधी आलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतात. मथळ्याच्या आधी काहीच नसतं, म्हणून ते बोट नुसतं हवेत राहतं. आपल्याला हवं ते आत आहे का, हे वाचकाला क्लिक केल्याशिवाय कळूच शकत नाही. उत्तर झाकलं तर मी त्याला आमंत्रण देते. विषय झाकला तर त्याची निवडच काढून घेते. रेषा मी इथे ओढते.

हे नंतर ताडूनही पाहता येतं. क्लिक भरपूर, पण लोक काही सेकंदांत परत फिरतात, असं दिसलं की मथळ्याने जे कबूल केलं ते आत नव्हतं, असं मी धरते. फेसबुकनेही २०१४ मध्ये क्लिकबेट ओळखण्यासाठी असाच माग घ्यायचं जाहीर केलं होतं: दुव्यावर गेलेला माणूस तिथे किती वेळ रमतो, की लगेच फीडवर परततो.

काही विषयांत मात्र मी उत्तरही झाकू देत नाही. अशाच एका दिवशी पक्षाघाताचा लेख आला होता. मथळा: "ही ३ लक्षणं दिसली तर सावध व्हा". विषय झाकलेला, तोही असा, की घरात कुणाला झटका येत असताना तो मथळा नुसता नजरेखालून गेला तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. आकडा खरा होता, लक्षणं तीनच होती, 'सावध' हाही शब्द खोटा नव्हता. तरी आम्ही तो सगळा काढला आणि लिहिलं: "चेहऱ्याची एक बाजू ओघळली, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय: पक्षाघात असू शकतो, लगेच रुग्णालयात न्या". मथळा लांब झाला, आणि तो वाचून कुणी लेख उघडलाच नसता, तरी मला ते चाललं असतं.