आरएसआय डायव्हर्जन्स: वहीतला चौथा महिना

अजून खरे पैसे लावलेले नाहीत. डेली चार्ट, आरएसआय 14, म्हणजे 14 दिवसांच्या चढ-उतारावरून 0 ते 100 मध्ये निघणारा आकडा, आणि वहीत पेनाने नोंद, एवढाच पसारा. या महिन्यात एकाच शेअरने आधी आपटवलं आणि मग हात चोळत बसवलं, म्हणून फक्त त्याचंच लिहितो.

पहिला टॉप 412 ला, आरएसआय 78. भाव 391 पर्यंत उतरला, तिथून 428 चा नवा टॉप झाला, पण आरएसआय 69 च्या वर गेलाच नाही. भावाचा टॉप चढता, आरएसआयचा उतरता. बेअरिश डायव्हर्जन्स, म्हणजे भाव पडण्याची खूण, तोही शिकवणीत दाखवतात तसा देखणा! 425 ला कागदावर शॉर्ट केला, स्टॉपलॉस 431. भाव 415 ला आला तेव्हा मी खूश होतो. तिथून उलटला तो थेट 447. स्टॉपलॉस उडाला. तिथे आरएसआय 66, म्हणजे पुन्हा डायव्हर्जन्स. या वेळी हिंमत झाली नाही, आणि नेमका भाव पडला.

चाळीसगावच्या एका दादाला चार्ट दाखवला. तो म्हणाला, "कन्नड घाटात एसटी हळू होते, म्हणून काय ती माघारी येते का रे भाऊ?"

घरी येऊन आकडेमोड केली तेव्हा ते पटलं. 14 दिवसांची सरासरी वाढ 6 रुपये आणि सरासरी घट 2 रुपये असेल तर भागाकार 3, आरएसआय 75. पुढे वाढ 4 वर आली आणि घट 2 च राहिली, तर भागाकार 2, आरएसआय साधारण 67. आरएसआय पडला, पण शेअर अजूनही दिवसाला सरासरी 2 रुपये चढतोच आहे. पहिली उसळी जितकी जोरदार, तितकं तिच्यानंतर डायव्हर्जन्स दिसणं सोपं. वाइल्डरने 1978 मध्ये मांडलेलं हे सूत्र वेग मोजतं. नुसता आरएसआय उतरला म्हणून विकणारे आले, असं त्यातून ठरत नाही.

म्हणून आता दोन टॉपच्या मधला बॉटम आखून ठेवतो. त्याच्या खाली दिवसाचा क्लोज आला तरच शॉर्ट. पहिल्या वेळी ही रेघ 391 ला होती, भाव तिथे फिरकलाही नाही, त्यामुळे तो तोटा वाचला असता. दुसऱ्या वेळी रेघ 415 ला, आणि क्लोज आला 411 ला. म्हणजे टॉपपासून 36 रुपये गेल्यावर आपण आत शिरणार. महाग आहेच. शिवाय स्टॉपलॉस 447 च्या वर ठेवायचा तर शेअरची संख्या निम्म्याहून कमी करावी लागते.

आणखी एक खोड मोडतोय: दुपारी दीडला दिसलेला डायव्हर्जन्स वहीत लिहायची. साडेतीनपर्यंत भाव आणखी चढला की आरएसआयही वर सरकतो आणि डायव्हर्जन्स पुसला जातो. तशा तीन नोंदींवर काट मारली आहे.