पोहताना ताशी ३ किलोमीटर हा वेग कमी का वाटू नये?

“मी अर्धा तास जीव तोडून पोहतो आणि घड्याळ वेग दाखवतं ताशी ३ किलोमीटर. मी चालतो ते याच्यापेक्षा जास्त वेगानं! धावताना १२, सायकलवर ३० सहज होतात. माझं काही चुकतंय का?”

ताशी ३ किलोमीटर म्हणजे १०० मीटरला २ मिनिटे, आणि हौशी पोहणाऱ्यासाठी ही चांगली गती आहे. २००९ साली सेझार सिएलोने ५० मीटर फ्रीस्टाइल २०.९१ सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला, तेव्हा उडीचा फायदा धरूनही त्याचा सरासरी वेग ताशी ८.६ किलोमीटर होता. किलोमीटरला ७ मिनिटे घेत सावकाश धावणारा माणूसही जवळपास याच वेगाने जातो. त्याच वर्षी उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, म्हणजे ताशी ३७.६ किलोमीटर. एवढी तफावत जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्येही असेल, तर तिचे मूळ माणसाच्या मेहनतीत नाही, माध्यमात आहे.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. ३० च्या वेगाने जाणारी सायकल पायडल मारणे थांबवल्यावरही बराच वेळ धावत राहते. तलावाची भिंत पायांनी जोरात ढकलून, हात पुढे ताणून नुसते तरंगत राहा, म्हणजे सुरुवातीचा तो सुरेख वेग काही मीटरांतच कसा विरून जातो, हे छातीवर आणि खांद्यांवर स्पष्ट जाणवेल. पाण्यात कमावलेला वेग साठून राहत नाही. प्रत्येक हात मारताना तो जवळजवळ नव्याने कमवावा लागतो. शिवाय धावणाऱ्याचा पाय ज्या जमिनीला रेटा देतो ती जागची हलत नाही, तर पोहणाऱ्याचा तळवा ज्या पाण्याला मागे लोटतो ते पाणीच मागे सरकते, आणि लावलेल्या शक्तीचा मोठा वाटा त्या पाण्याला गती देण्यातच खर्च होतो.

मला यापेक्षाही महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे वेग वाढवताना मोजावी लागणारी किंमत. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. त्यामुळे १०० मीटरला २ मिनिटांऐवजी १ मिनिट ४५ सेकंद घ्यायचे, म्हणजे ३ वरून ३.४३ वर जायचे, तर शरीराची ठेवण तीच राहिल्यास सुमारे दीडपट शक्ती लागते. धावताना वेग तेवढ्याच प्रमाणात वाढवला, तर खर्च साधारण त्याच प्रमाणात, म्हणजे सातवा हिस्साच वाढतो. सायकलस्वारालाही घनाचा हा नियम चुकत नाही, पण त्याच्यासमोर विरळ हवा असते.

रूपांतर करताना धावण्यासाठी ६० ला किलोमीटरमागच्या मिनिटांनी भागावे: ५ मिनिटे असतील तर ताशी १२. पोहण्यासाठी ३६० ला १०० मीटरमागच्या सेकंदांनी भागावे: १२० सेकंद असतील तर ताशी ३. इथे एक चूक वारंवार होते. १ मिनिट ४५ सेकंद हे १.४५ मिनिटे समजून ६ ला त्याने भागले जाते आणि उत्तर ४.१ येते. खरे तर ती १.७५ मिनिटे आहेत आणि वेग ३.४३ आहे. म्हणून मी नेहमी सेकंदांतच हिशेब करतो.

आता तुमचेच आकडे ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये घालून पाहू. १,५०० मीटर पोहायला ३० मिनिटे, ४० किलोमीटर सायकलला ८० आणि १० किलोमीटर धावायला ५० मिनिटे लागतील. सायकलवर तुम्ही २ मिनिटांत एक किलोमीटर जाता, तेवढ्याच वेळात धावत ४०० मीटर आणि पोहत १०० मीटर. ताशी किलोमीटरच्या एककात पोहण्यातली प्रगती दिसतही नाही: घड्याळावर ३.० चे ३.१ झाले, की १०० मीटरमागे जवळपास ४ सेकंद आणि संपूर्ण १,५०० मीटरमध्ये सुमारे एक मिनिट वाचलेले असते. पोहणारे १०० मीटरचा वेळ बोलतात तो याचसाठी.

तरीही काही चुकत असलेच, तर ते बहुधा पायांच्या पातळीत सापडेल. डोके वर उचलले की कंबर आणि पाय खाली बुडतात आणि पाण्याला आडवे येणारे शरीर मोठे होते. एखाद्याला तलावाच्या काठावरून बघायला सांगा. टाचा पृष्ठभागालगत दिसत नसतील, तर जोर वाढवण्याआधी नजर तळाकडे वळवा आणि २५ मीटरला किती हात मारावे लागतात ते मोजा. वेळ तोच राहून हातांची संख्या कमी झाली, तर विरोध घटू लागला आहे असे समजावे.