1.6 चा ताळेबंद आणि सात तारखेचा पगार

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 2009 साली भाड्याच्या शेडमध्ये एका जुन्या लेथवर आमचं काम सुरू झालं. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, टर्निंग-ड्रिलिंग करून पंपाच्या बॉडी पार्टीला पोचवायच्या. पुढे दोन सीएनसी आल्या, माणसं बारा झाली. त्या वर्षांत काम मिळत गेलं आणि आम्ही करत गेलो. मला सांगायचंय ते 2019 च्या मार्च एंडिंगचं.

त्या महिन्याच्या शेवटी एका पार्टीचं पेमेंट आलं आणि बँकेत 12 लाख जमले. येणं 28 लाख होतं, शेडमध्ये माल 66 लाखांचा. म्हणजे वर्षभरात पैसा होईल अशी मालमत्ता 106 लाख. वर्षभरात फेडायचं ते 70 लाख: फाउंड्रीवाल्यांचं 34, बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज, 30 आणि मशीनच्या कर्जाचे पुढच्या वर्षातले हप्ते 6. 106 भागिले 70, करंट रेशो 1.51.

आमचे अकाउंटंट म्हणाले, "31 च्या आत फाउंड्रीचे 10 लाख देऊन टाका, कॅश क्रेडिटच्या रिन्युअलला आकडा बरा दिसेल." दिले. दोन्ही बाजूंनी 10 लाख गेले, 96 भागिले 60, रेशो 1.6 झाला. फाउंड्रीवाले खूश, मीही खूश.

सात एप्रिलला पगार होता, 2 लाख 40 हजार. खात्यात उरले होते 2 लाख आणि कॅश क्रेडिटची लिमिट काठोकाठ भरलेली. शेडमध्ये 66 लाखांचा माल असताना मी मेहुण्याकडून 40 हजार हातउसने घेतले. त्या संध्याकाळी पगाराची पाकिटं वाटताना माझं कशातच लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताळेबंद घेऊन सीए मॅडमकडे गेलो. त्यांनी 66 लाखांवर बोट ठेवलं. "दादा, पगाराला पंपाच्या बॉडी वाटणार काय? हे बाजूला काढा आणि मग भागा." स्टॉक वजा केल्यावर उरले 30 लाख, भागिले 60. क्विक रेशो 0.5. नजीकचं एक रुपयाचं देणं भागवायला माल न विकता आठ आणेच हाताशी.

मग त्यांनी 31 मार्चचा तोच चेक पुन्हा मांडला. देण्याआधी क्विक रेशो 40 भागिले 70, म्हणजे 0.57. दिल्यावर 0.5. एकाच चेकनं करंट रेशो वर गेला आणि क्विक रेशो खाली आला. रेशो एकच्या वर असेल तर दोन्ही बाजूंनी सारखी रक्कम गेल्यावर तो वाढतो, एकच्या खाली असेल तर घटतो. फाउंड्रीचं देणं द्यायचंच होतं, ते चुकलं नाही. पण ताळेबंद बरा दिसावा म्हणून एका दिवसात जवळजवळ सगळी रोकड मोकळी केली, ती चूक माझी.

मालाचं पोतं उघडल्यावर आणखी कळलं. त्या 66 लाखांत 18 लाखांच्या बॉडी अशा होत्या, की पार्टीनं ड्रॉइंग बदलल्यामुळे त्या कुणालाच चालणार नव्हत्या. फ्लँजची भोकं चारऐवजी सहा झाली होती. मागच्या भिंतीला रचून ठेवलेल्या, वर धूळ, मशीन केलेल्या जागेवर तांबूस गंज. ताळेबंदात मात्र त्या पूर्ण किमतीला उभ्या होत्या. येण्यातलेही 9 लाख नव्वद दिवसांवर गेलेले. ते सोडले तर क्विक रेशो 0.35 वर येत होता. क्विक रेशोही येणं जुनं की ताजं ते सांगत नाही, त्यासाठी बिलांच्या तारखा वेगळ्या बघाव्या लागतात.

एक गोष्ट मॅडमनी तेव्हाच स्पष्ट केली. कॅश क्रेडिट दरवर्षी रिन्यू होते, बँक उद्याच 30 लाख मागत नाही. ती बाजूला ठेवली तर 30 लाखांच्या देण्यापुढे 30 लाख होते. म्हणून 0.5 म्हणजे बुडालो असं नाही. पण लिमिट भरलेली असेल तर ओढायला जागा नसते आणि आमची भरलेलीच होती.

मे महिन्यात काळीज घट्ट करून त्या बॉडी भंगारात घातल्या. 18 लाखांचे 5 लाख आले. 13 लाखांचा तोटा वहीत आला. मार्चच्याच आकड्यांवर मांडलं तर करंट रेशो 1.6 वरून 1.38 वर उतरला आणि क्विक रेशो 0.58 झाला. बँकेत साहेबांना दोन्ही आकडे दाखवले. बँकांनी खेळत्या भांडवलाला किती कर्ज द्यावं हे सुचवणाऱ्या टंडन समितीच्या 1975 च्या अहवालातल्या दुसऱ्या पद्धतीनं येणारा करंट रेशोचा 1.33 चा आकडा ते बघत होते. त्याच्या वर होतो, लिमिट रिन्यू झाली.

आता नवीन ड्रॉइंगच्या कामाला कास्टिंगच्या किमतीइतका ॲडव्हान्स घेतो. तो खात्यात आला तरी माल जाईपर्यंत देणंच असतो, म्हणून भागाकारात खालच्या बाजूलाही धरतो. दर महिन्याच्या 25 तारखेला एका वहीच्या पानावर आधी बँक आणि नव्वद दिवसांच्या आतलं येणं लिहितो, त्याखाली सात तारखेचा पगार, वीस तारखेचा जीएसटी आणि मशीनचा हप्ता. माल किती आहे ते पान उलटल्यावर.