३३ हर्ट्झचा हिशेब आणि ३९ हर्ट्झचं पाणी

वाळूज एमआयडीसीतल्या ज्या प्लास्टिक मोल्डिंग कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो, तिथं मशिनांना थंड पाणी पुरवणारा २२ किलोवॅटचा पंप आहे. रात्रंदिवस चालतो. टाकी जमिनीलगत आहे आणि कूलिंग टॉवर शेडच्या स्लॅबवर. पंप टाकीतून पाणी उचलतो, ते मशिनांच्या ऑइल कूलरमधून आणि मोल्डमधून फिरतं, तसंच पुढं टॉवरच्या स्प्रिंकलरपर्यंत चढतं आणि गार होऊन परत टाकीत पडतं. पंप घेताना पुढं येणाऱ्या मशिनांचाही विचार केला होता. ती मशिनं आलीच नाहीत. म्हणून पाणी जास्त होऊ नये यासाठी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह कित्येक वर्षं अर्धा बंद ठेवलेला होता.

वीज नेमकी तिथंच जात होती. व्हॉल्व्हच्या अलीकडचा गेज ३.९ किलो दाखवायचा आणि पलीकडचा २.२. मधलं १.७ किलो प्रेशर पंपाने वीज खाऊन तयार करायचं आणि व्हॉल्व्हने मारून टाकायचं. असे दोन गेज शेजारी बसवले, तर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावण्यात अर्थ आहे की नाही हे अर्ध्या मिनिटात कळतं.

ड्राइव्ह विकायला आलेल्या माणसाचं गणित आकर्षक होतं. पंपाचा वेग कमी केला की पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, प्रेशर वर्गाच्या प्रमाणात आणि पॉवर घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग निम्मा केला तर पॉवर एक अष्टमांश. भाड्याने आणलेल्या अल्ट्रासॉनिक फ्लो मीटरवर आमचं पाणी ताशी १०० घनमीटर निघालं होतं आणि पंप १५० चा. तो म्हणाला, "साहेब, दोन तृतीयांश वेग ठेवा, ३३ हर्ट्झ. आत्ता लागणाऱ्या १७ किलोवॅटचे ६ होतील."

नियम खरा आहे, पण तो एकट्या पंपाचा. पाइपलाइनला तो जसाच्या तसा लागू होतो तो सगळा दाब घर्षणातच खर्च होत असेल तरच. आमच्याकडे पाणी टॉवरपर्यंत चढवायचं होतं आणि ती उंची वेग कमी केल्याने कमी होत नाही. किती उंची, हे बघायला टेपसुद्धा लागला नाही. पंप बंद केल्यावर, पाणी उलटं येऊ न देणाऱ्या एनआरव्हीच्या पुढच्या गेजवर एक किलो प्रेशर उरायचं, म्हणजे साधारण १० मीटर. मग डिलिव्हरी व्हॉल्व्ह काही सेकंद पूर्ण बंद करून पंप चालवला. गेज ४.२ किलोवर गेला. पंप जास्तीत जास्त ४२ मीटर दाब देतो, हे त्यावरून समजलं. (ही चाचणी लांबवू नये. आतलं पाणी तापतं आणि सील जातं.)

या दोन आकड्यांवर कागदावरच बरंच काही ठरवता येतं. ३३ हर्ट्झला पंपाचा ४२ मीटरचा दाब वर्गाच्या नियमाने १९ मीटरच्याही खाली येतो. त्यातले १० मीटर चढण्यातच जातात. उरलेल्यात १०० घनमीटर पाणी ढकललं जात नाही, ७५ च्या आसपास जातं. २५ हर्ट्झला तर पंपाचा दाब साडेदहा मीटर उरतो. पंप फिरताना दिसेल, ड्राइव्हवर आकडे दिसतील, पण वर पाणी जवळपास जाणारच नाही. आमच्या १०० घनमीटरसाठी लागणारा वेग निघाला ३९ हर्ट्झच्या जवळ.

पॉवर काढायला घनाचा नियम सोडून सरळ पाण्याचाच हिशेब केला: ताशी घनमीटर गुणिले मीटर भागिले ३६७. १०० घनमीटर आणि व्हॉल्व्हच्या पलीकडच्या २.२ किलोचे २२ मीटर धरले की ६ किलोवॅट येतात. त्यावर पंप, मोटर आणि ड्राइव्ह यांचा तोटा धरला की मीटरवर साडेनऊच्या आसपास दिसायला हवेत. १७ वरून साडेनऊ. विक्रेत्याच्या ६ पेक्षा बरेच जास्त, तरीही माझ्या दृष्टीने काम करायला पुरेसे.

आमच्या प्लांट हेड साहेबांनी विचारलेला प्रश्न मात्र रास्त होता. पाणी कायम १०० च लागणार असेल तर ड्राइव्ह कशाला, पंपातलं फिरणारं चाक, म्हणजे इम्पेलर, टर्न करून लहान करा की. पाणी खरंच कायम सारखं असतं तर मीही तेच केलं असतं. खर्च किरकोळ, इलेक्ट्रॉनिक्स काही नाही. पण आमच्याकडे रात्रपाळीत निम्मी मशिनं बंद असतात आणि मोल्ड बदलताना दिवसाही दोन-तीन उभी असतात. लहान केलेला इम्पेलर रात्रीसाठी आणखी लहान होत नाही.

बसवण्याच्या कामातल्या दोनच गोष्टी सांगतो, कारण जुन्या पॅनेलमध्ये त्या हमखास भेटतात. पहिली, मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर होती, म्हणजे तिच्याकडे सहा वायरी जात होत्या. ड्राइव्हकडून तीनच येतात. त्यामुळे टर्मिनल बॉक्समध्ये पट्ट्या टाकून मोटर कायमची डेल्टात जोडावी लागते. दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टरच्या कपॅसिटरची. तो स्टार्टरच्या आउटगोइंगला, मोटरच्या बाजूने जोडलेला होता. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर राहिला तर ड्राइव्ह ट्रिप होत राहतो किंवा आतलं आयजीबीटी मॉड्यूल उडतं. आमच्या इलेक्ट्रिशियनने तो आधीच काढून ठेवला. ड्राइव्हच्या इनपुटला पॉवर फॅक्टर तसाही चांगला राहतो. ड्राइव्ह पंपाच्या शेजारीच ठेवला, म्हणजे मोटरपर्यंतची केबल आखूड राहिली. मोटर जुनी आणि रिवाइंड केलेली होती. लांब केबलवर येणारे व्होल्टेजचे झटके तिच्या वाइंडिंगला सोसले नसते.

खरी गंमत सुरू केल्यावर झाली. बसवणाऱ्याने प्रेशर ट्रान्समीटर पंपाच्या डिलिव्हरीलाच लावला आणि प्रेशर बघून वेग आपोआप जुळवणाऱ्या पीआयडीचा सेट पॉइंट ठेवला ३.५ किलो, कारण जुना गेज साधारण तेवढंच दाखवायचा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. ड्राइव्ह ४९ हर्ट्झवर जाऊन बसला. इनपुटला लावलेल्या एनर्जी मीटरवर आकडा १७ वरून २० च्या वर गेला! व्हॉल्व्ह उघडल्यामुळे आता १४० च्या वर घनमीटर पाणी फिरत होतं आणि ड्राइव्ह सांगितलेलं प्रेशर इमानेइतबारे राखत होता. "चालू झालाय की व्यवस्थित," असं बसवणारा म्हणाला, आणि त्याच्या परीने ते बरोबरच होतं.

पंपाच्या तोंडाशी जास्त प्रेशर असून मशिनांना काहीच उपयोग नव्हता. त्यांना गरज होती ती आपल्या कूलरमधून पाणी ढकलण्यापुरत्या फरकाची. म्हणून पंपावरचा ट्रान्समीटर काढला आणि लाइनच्या शेवटच्या मशिनजवळ, येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाइपमधला फरक मोजणारा ट्रान्समीटर बसवला. सेट पॉइंट ०.८ किलो. सगळी मशिनं चालू असताना ड्राइव्ह खाली उतरत ३९ हर्ट्झच्या आसपास स्थिरावला आणि मीटर साडेनऊवर आला. मशिनांचं ऑइल टेंपरेचर आधीएवढंच होतं. ते बघितल्याशिवाय मी कुणालाही "झालं" म्हटलं नाही.

तरीही रात्री वेग फारसा कमी होत नव्हता. कारण साधं होतं, बंद मशिनांच्या पाण्याचे कॉक उघडेच असायचे. उभ्या मशिनमधूनही पाणी फिरत राहतं, प्रेशरचा फरक वाढत नाही, मग ड्राइव्हला खाली यायचं काही निमित्तच मिळत नाही. ऑपरेटरना सांगून दोन दिवस फरक पडायचा, तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. शेवटी प्रत्येक मशिनच्या पाण्याला सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावला आणि तो मशिनच्या हायड्रॉलिक मोटरशी जोडला. मोटर बंद झाली की काही मिनिटांनी पाणी बंद.

मग रात्री ड्राइव्ह पुरेसा खाली आला आणि एक नवीनच तक्रार आली. मोजकीच मशिनं चालू असून पाणी गरम. वर जाऊन बघितलं तर टॉवरचा स्प्रिंकलर उभा होता. आमचा टॉवर गोल एफआरपीचा आहे, त्यातला स्प्रिंकलर पाण्याच्याच जोरावर फिरतो. पाणी कमी पडलं की तो थांबतो आणि सगळं पाणी, ते पसरवून गार करणाऱ्या फिलच्या त्याच चार पट्ट्यांवर पडत राहतं. बाकीचं फिल कोरडं आणि पंखा नुसता हवा ओढतोय. खाली ड्राइव्हवर, प्रेशरवर, करंटवर काही चुकलेलं दिसत नव्हतं. रात्रीची मशिनं चालू ठेवून वेग हाताने हळूहळू वाढवला, स्प्रिंकलर नीट फिरू लागला तो आकडा घेतला आणि ड्राइव्हची किमान मर्यादा ३२ हर्ट्झ लावून टाकली. त्या वेगाला मीटर ५ किलोवॅटच्या आसपास असतो. अजून खाली जाऊन मिळणाऱ्या थोड्याशा बचतीसाठी टॉवर बदलण्यात मला रस नव्हता.

डिलिव्हरी व्हॉल्व्हचं चाक मी काढून पॅनेलमध्ये ठेवलंय. पाणी जास्त वाटलं की व्हॉल्व्ह दाबायची सवय हाताला इतकी असते, की कुणीतरी तो परत अर्धा बंद करतंच. मग ड्राइव्ह गुपचूप वेग वाढवून ती भरपाई करतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

पूर्वी हा पंप दिवसाला ४०० च्या वर युनिट घ्यायचा. आता रात्र धरून १९० ते २०० च्या दरम्यान घेतो. बिलात सगळं धरून आम्हाला युनिट ९ रुपयांच्या आसपास पडतं. वर्षात ३०० दिवस धरले तर बचत पावणेसहा लाखांच्या घरात जाते. ड्राइव्ह, पॅनेल, ट्रान्समीटर आणि सोलेनॉइड मिळून पावणेदोन लाख खर्च झाला होता.

हे आकडे बघून साहेबांना आता पिण्याच्या पाण्याच्या पंपालाही ड्राइव्ह हवाय. तो जमिनीतल्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो. तिथं पंप बंद केल्यावर गेजवर १.८ किलो उरतं आणि चालू असताना २ दिसतं. म्हणजे जवळजवळ सगळा दाब उंचीचाच. वेग जरा कमी केला की पाणी वर जायचंच थांबेल. तेवढीच टाकी भरायला पंप जास्त वेळ चालेल आणि वर ड्राइव्हचा स्वतःचा तोटा. त्या पंपाला मी फ्लोट स्विच लावून दिला, टाकी भरून वाहायची तेवढं तरी थांबलं.